पॉवरपॉइंटची मराठी फाइल गूगल स्लाइड्सवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये केलेल्या आणि आता गूगल स्लाइड्सवर न्यायच्या मराठी सादरीकरणांबद्दल आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, ठिबक सिंचनाच्या प्रशिक्षणाची 38 स्लाइड्सची, 140 एमबीची फाइल आहे. पहिल्या 12 स्लाइड्स बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी शिवाजी फॉन्टमध्ये केलेल्या आहेत, पुढच्या 26 नंतर युनिकोडमध्ये वाढवल्या आहेत. सातव्या स्लाइडवर पाण्याचा थेंब नळीतून सरकत जातो, पंधराव्यावर बटण दाबलं की उत्तर दिसतं, विसाव्यावरून एकविसाव्यावर जाताना मॉर्फ आहे. तीन व्हिडिओ आहेत आणि एका स्लाइडवर आवाज भरलेला आहे. सरकारी कार्यालयांत, शाळांत, संस्थांत फिरणाऱ्या फाइली साधारण अशाच असतात, थरावर थर चढलेल्या.

फाइल चढवण्याआधी मूळ फाइलमध्ये काय पाहून ठेवायचं?

तीन गोष्टी: फॉन्ट कोणते आहेत, कोणत्या स्लाइडवर किती ॲनिमेशन्स आहेत, आणि व्हिडिओ-आवाज खरोखर फाइलच्या आत आहेत की बाहेरून जोडलेले. रूपांतर झाल्यावर काय गेलं हे गूगल स्लाइड्स सांगत बसत नाही. जे गेलं ते गुपचूप जातं, म्हणून आधी काय होतं याची नोंद तुमच्याकडेच हवी.

फॉन्टसाठी पॉवरपॉइंटमध्ये `Home > Replace > Replace Fonts` उघडा. तिथली `Replace` ही यादी खाली ओढली की फाइलमध्ये वापरलेले फॉन्ट दिसतात. ॲनिमेशनसाठी `Animations > Animation Pane` उघडून स्लाइडमागून स्लाइड पाहा आणि कागदावर "स्लाइड 7: चार, स्लाइड 15: सहा" अशी यादी करा. मॉर्फ `Transitions` मध्ये सापडेल. बाहेरून जोडलेला व्हिडिओ असेल तर `File > Info` मध्ये `Edit Links to Files` दिसतं. त्या व्हिडिओची फाइल वेगळी शोधावी लागते, ती पॉवरपॉइंटच्या पोटात नसते.

शिवाय `File > Export > Create a Video` करून संपूर्ण सादरीकरणाचा एक व्हिडिओ काढून ठेवा. थेंब नक्की कसा सरकत होता यावर पुढे वाद झाला तर पुरावा हाताशी असतो.

मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल वापरायची सवय असेल तर आणखी खात्रीचा मार्ग आहे. `.pptx` ही मुळात झिप फाइल असते:

```
unzip -o thibak.pptx -d thibak
grep -rhoE 'typeface="[^"]+"' thibak/ppt/slides | sort | uniq -c | sort -rn
ls -lhS thibak/ppt/media
```

दुसरी ओळ फॉन्टांची नावं आणि ती किती वेळा आली ते दाखवते, तिसरी चित्रं-व्हिडिओ मोठ्यापासून लहानापर्यंत मांडते. यादीत `+mn-lt` किंवा `+mj-lt` दिसलं तर घाबरू नका. तिथला मजकूर थीमचा फॉन्ट वापरतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ड्राइव्हवर टाकून उघडली की झालं ना?

झालं नाही. ड्राइव्हवर `.pptx` उघडली की नावाशेजारी `.PPTX` अशी छोटी खूण दिसते. म्हणजे फाइल अजून पॉवरपॉइंटचीच आहे, गूगल तिच्यावर वरवर काम करू देतं. रूपांतर होतं ते `File > Save as Google Slides` केल्यावर. तेव्हा शेजारी नवी फाइल तयार होते आणि मूळ `.pptx` तशीच राहते. ती पुसू नका. तपासणी या नव्या फाइलमध्ये करायची. खूण असलेल्या फाइलमध्ये सगळं ठीक दिसलं म्हणून हुश्श करणारे खूप भेटतात.

फाइल 140 एमबीची आहे, रूपांतर होत नाही.

गूगल स्लाइड्समध्ये रूपांतर करायच्या फाइलला 100 एमबीची मर्यादा आहे. वजन बहुतेक वेळा व्हिडिओंचं असतं. आपल्या उदाहरणात तीन व्हिडिओ मिळून 118 एमबी आहेत. ते काढले की उरतात 22.

व्हिडिओ तसेही रूपांतरात पार जात नाहीत, त्यामुळे ते आधीच काढण्यात नुकसान काहीच नाही. फाइलची एक प्रत करा. प्रत्येक व्हिडिओच्या जागी त्याच मापाचं स्क्रीनचित्र ठेवा, म्हणजे नंतर व्हिडिओ नेमका कुठे बसवायचा ते कळेल. मग ही हलकी प्रत चढवा. `Compress Pictures` आणि `Compress Media` हे उपाय आहेत, पण दाबलेला व्हिडिओ कायमचा खराब होतो. ते मूळ फाइलवर करू नका.

पहिल्या 12 स्लाइड्सवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिखल का दिसतो?

कारण त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट किंवा सी-डॅकचे `DVB-TT` ने सुरू होणारे फॉन्ट हे सगळे एकच युक्ती करतात. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढलेले असतात. कृतिदेवमध्ये "मराठी" लिहिलं की आत साठतं `ejkBh`. तुमच्या संगणकावर कृतिदेव आहे तोवर डोळ्यांना "मराठी" दिसतं. गूगलकडे तो फॉन्ट नाही, म्हणून तिथे जे खरं आहे तेच दिसतं.

यातली फसवी गोष्ट अशी की ज्या संगणकावर फाइल तयार झाली तिथे हा दोष कधीच दिसत नाही. ओळखायचं कसं? पॉवरपॉइंटमध्ये शंका असलेला शब्द निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच राहिला तर युनिकोड. `ejkBh` सारखं काही झालं तर जुना फॉन्ट.

आणि हो, वक्त्याच्या टिपांमध्येही बघा. तिथे सहसा कुणी डोकावत नाही, आणि ऐन कार्यक्रमात बोलणाऱ्याच्या समोरच्या पडद्यावर चिखल उमटतो.

मग तो मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा?

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर बदलून देणारी साधनं मिळतात. प्रत्येक फॉन्टघराण्याची मांडणी वेगळी असते, म्हणून शिवाजीसाठी बनवलेलंच साधन शिवाजीला वापरा. कृतिदेवचं साधन शिवाजीच्या मजकुरावर चालवलं तर देवनागरी येते खरी, पण वाचता येत नाही.

काम पॉवरपॉइंटमध्येच करा, चढवल्यानंतर नको. मजकूर बदलताना जुनी चौकट पुसून नवी काढायची नाही, तिच्या आत जाऊन परिच्छेद बदलायचा. ॲनिमेशन चौकटीला बांधलेलं असतं. चौकट गेली की तेही जातं. मुद्दे एकेक करून येत असतील तर ते परिच्छेदांच्या क्रमांकांना बांधलेलं असतं. अशा ठिकाणी पाचही मुद्दे एकदम चिकटवू नका, एकेक परिच्छेद बदला. कंटाळवाणं आहे, पण 12 स्लाइड्सचं काम एका दुपारचं आहे.

बदलल्यावर मुद्दाम पाहायच्या जागा म्हणजे पहिली वेलांटी, रफार आणि मिसळलेली इंग्रजी. जुन्या फॉन्टांत "कि" लिहिताना वेलांटी आधी टाइप होते आणि क नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो. साधन इथे चुकलं की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. रफाराचं तसंच, "कार्यक्रम" हा शब्द तपासायला चांगला. इंग्रजी शब्दांची गंमत वेगळीच. "PVC पाइप" मधलं `PVC` हे साधनाला जुनं मराठीच वाटतं आणि ते त्याचं भलतंच काही करून ठेवतं. म्हणून आकडे, एककं आणि इंग्रजी नावं शेवटी हाताने तपासावीच लागतात. ठिबकच्या फाइलमध्ये ताशी 4 लिटरचे 8 लिटर झाले तर ती नुसती टंकनाची चूक राहत नाही.

त्या 12 स्लाइड्सचं चित्र करून टाकलं तर?

घाई असेल तर चालेल. पण पॉवरपॉइंट स्लाइडचं चित्र काढतो ते नेहमीच्या सेटिंगला 1280 गुणिले 720 एवढंच असतं. मोठ्या पडद्यावर अक्षरांच्या कडा धूसर होतात. पुढच्या वर्षी अनुदानाचा आकडा बदलला की पुन्हा जुना संगणक शोधावा लागतो, तो त्रास वेगळा. शीर्षकाचं एखादं कलात्मक अक्षर चित्र म्हणून ठेवा, मजकूर नको.

उरलेल्या 26 स्लाइड्स युनिकोडमध्ये आहेत. तरी अक्षर बदललेलं का वाटतं?

पॉवरपॉइंट एकाच शब्दासाठी फॉन्टाची एकाहून अधिक नावं साठवतो: इंग्रजी अक्षरांसाठी वेगळं, देवनागरीसारख्या लिप्यांसाठी वेगळं. वर फॉन्टच्या खिडकीत `Calibri` दिसतं आणि तरी मराठी मजकूर मंगलमध्ये उमटतो, कारण ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्येच देवनागरीसाठी मंगल नेमलेला आहे. गूगल स्लाइड्समध्ये असे वेगवेगळे कप्पे नाहीत. एका मजकुराला एकच फॉन्ट. मजकूर `Calibri` म्हणून आला तर त्यात देवनागरी नाही, मग देवनागरी आकार दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधून उसने घेतले जातात.

म्हणूनच खिडकीतलं नाव पाहून काही सिद्ध होत नाही. गूगलकडे नसलेल्या फॉन्टचंही नाव तिथे दिसू शकतं आणि अक्षर मात्र दुसऱ्याच फॉन्टचं असतं. नव्या ऑफिसचा `Aptos` वापरला असेल तर इंग्रजी मजकुराबाबतही हेच घडेल.

मग कोणता फॉन्ट घ्यावा?

ज्यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहेत आणि जो गूगल फॉन्ट्सवर आहे असा. मुक्त, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही या कसोटीला उतरतात. मजकुरासाठी मी मुक्त घेईन. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट बारीक आकारातही वाचता येतो आणि त्यात खरा ठळक प्रकार आहे. पॉपिन्स शीर्षकांना छान दिसतो, पण दाट परिच्छेदात दमवतो.

देठाचा श आणि पाकळीचा ल हवाच असेल, म्हणजे शाळेत शिकवतात तसाच, तर `Tiro Devanagari Marathi` पाहा. तो मराठी वळणासाठीच केलेला आहे. मात्र त्यात ठळक प्रकार नाही, साधा आणि तिरपा एवढेच आहेत. ठळक केलं तर अक्षर कृत्रिमपणे फुगवलं जातं आणि जोडाक्षरं भरून जातात.

आता खरी युक्ती. निवडलेला फॉन्ट आधी विंडोजवर बसवून घ्या, तो मोफत उतरवता येतो. मग पॉवरपॉइंटमध्येच `Replace Fonts` वापरून `Mangal`, `Calibri` आणि उरलेली नावं त्यावर आणा आणि मांडणीही तिथेच नीट करा. गूगल स्लाइड्समध्ये सगळ्या फाइलमधला फॉन्ट एका झटक्यात बदलायची अशी सोय नाही. थीमच्या चौकटी `View > Theme builder` मधून बदलतात, पण हाताने काढलेल्या चौकटी एकेका स्लाइडवर जाऊन बदलाव्या लागतात. फॉन्टचं नाव दोन्हीकडे सारखं असलं की रूपांतरानंतर तोच फॉन्ट उचलला जातो. बसवताना `Regular` आणि `Bold` एवढेच प्रकार वापरा, बाकीच्या वजनांच्या नावांचा घोळ होतो.

बदलल्यावर जुनी नावं कुठे उरली आहेत का हे वरच्या `unzip` आणि `grep` ने पुन्हा पाहता येतं. टर्मिनल नको असेल तर `Replace` च्या यादीत `Mangal` अजून उरला आहे का, ते पाहा.

फॉन्ट बरोबर आला हे डोळ्यांनी कसं ओळखायचं?

एक तपासणीची ओळ स्लाइडवर तात्पुरती टाका: "शेतकऱ्यांचं ॲप, ऱ्हास, श्री, क्षेत्र, ज्ञान, राष्ट्र, लाल". "शेतकऱ्यांचं" मधला ऱ्य डोळ्याच्या पापणीसारखा वळला पाहिजे, त्याचा "र्य" होता कामा नये. "ॲ" च्या जागी रिकामी चौकट आली तर फॉन्ट जुना आहे, त्याला हे अक्षर माहीत नाही. मग हीच ओळ दुसऱ्या संगणकावर आणि एका फोनवर पाहा. तिन्ही ठिकाणी अक्षराचं वळण सारखं असेल तर फॉन्ट खरोखर लागला. वेगवेगळं असेल तर प्रत्येक यंत्र आपल्याजवळचं अक्षर उसनं देत आहे.

मजकूर चौकटीबाहेर का सांडतो?

देवनागरी फॉन्टांची ओळीची उंची एकमेकांशी जुळत नाही. वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं यांच्यासाठी प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने जागा सोडतो. मंगलमध्ये आठ ओळी नेमक्या बसवल्या असतील तर दुसऱ्या फॉन्टमध्ये त्या कमी-जास्त होणारच. त्यात पॉवरपॉइंटने मजकूर मावावा म्हणून अक्षर आपोआप लहान केलेलं असेल, तर रूपांतरानंतर ते प्रमाण तसंच राहील याचा भरवसा नसतो.

उपाय साधा आहे: पॉवरपॉइंटमध्ये आपोआप लहान करणं बंद करा, आकार स्वतः ठरवा आणि चौकटीच्या तळाला एका ओळीची जागा मोकळी सोडा. तक्त्यांकडे जास्त लक्ष द्या. चौकटीतून मजकूर बाहेर आला तर निदान दिसतो, तक्त्याच्या ओळी मात्र उंच होत जातात आणि शेवटची ओळ स्लाइडच्या कडेखाली निघून जाते. पिकांच्या तक्त्यातलं शेवटचं पीक गायब झाल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट फाइलमध्ये भरून ठेवायची सोय आहे. ती वापरली तर?

उपयोग नाही. ते फॉन्ट पॉवरपॉइंटसाठी असतात, गूगल स्लाइड्स ते वापरत नाही.

कोणती ॲनिमेशन्स टिकतात?

गूगल स्लाइड्सकडे असलेला साठा लहान आहे. वस्तू दिसणं आणि नाहीशी होणं, हळूहळू उमटणं आणि विरणं, चारही बाजूंनी आत येणं आणि बाहेर जाणं, लहान-मोठं होत येणं-जाणं, आणि गोल फिरणं. सुरुवात क्लिकवर, आधीच्यासोबत किंवा आधीच्यानंतर, असे तीनच पर्याय. यातलं काही तुम्ही वापरलं असेल तर ते बहुधा नीट येतं. मुद्दे एकेक करून आणणंही जमतं, त्यासाठी `By paragraph` ची खूण असते.

ठरवलेल्या मार्गावरून सरकणं, बटणाला बांधलेलं ॲनिमेशन आणि मॉर्फ यांना तिथे जागाच नाही. ठरावीक सेकंद थांबून मग सुरू होणं, तेही नाही.

यात नुसती शोभा गेली तर फार बिघडत नाही. घात होतो तो एकावर एक वस्तू ठेवलेल्या स्लाइडवर. समजा, बाराव्या सेकंदाला वरचं चित्र निघून जातं आणि खालचा आराखडा दिसतो, अशी रचना होती. बाहेर जाण्याचं ॲनिमेशन हरवलं की वरचं चित्र कायमचं तिथेच बसतं आणि आराखडा कधीच दिसत नाही. हे पकडायला `View > Motion` उघडा आणि कागदावरच्या यादीशी प्रत्येक स्लाइडचे आकडे ताडून पाहा. जिथे आकडा कमी, तिथे सादरीकरण चालवून क्लिक करत बघा.

थेंब, बटण आणि मॉर्फ यांचं करायचं काय?

सातव्या स्लाइडवरचा थेंब मार्गावरून सरकतो. तेवढ्या हालचालीचं जीआयएफ करा. नव्या पॉवरपॉइंटमध्ये `File > Export > Create an Animated GIF` आहे. थेंब आणि नळी वेगळ्या स्लाइडवर घेऊन फक्त तीच स्लाइड निर्यात करा आणि ते चित्र गूगल स्लाइड्सवर बसवा. ते चित्र फिरून फिरून चालत राहतं. थेंबाच्या बाबतीत ते बरंच आहे, ठिबक थांबत नाहीच.

पंधराव्या स्लाइडवरचं बटण वेगळ्या रीतीने सोडवा. प्रश्नाची स्लाइड दुप्पट करा आणि दुसऱ्या प्रतीत उत्तर दाखवा. पहिल्या प्रतीवरच्या बटणाला `Insert > Link` मधून दुसऱ्या स्लाइडचा दुवा द्या. तीन पर्याय असतील तर "चूक" आणि "बरोबर" अशा दोन स्लाइड्स पुरतात, त्या दोन्हींवर प्रश्नाकडे परतण्याचा दुवा ठेवा. एक पथ्य पाळा: या स्लाइड्स क्रमाने पुढे जातानाही येतात. बटण सोडून रिकाम्या जागी क्लिक झालं तर बोलणारा थेट "चूक" वर पोहोचतो. म्हणून त्या शेवटी, आभाराच्या स्लाइडनंतर ठेवा.

मॉर्फच्या जागी फार तर साधं विरघळणं येतं. पॉवरपॉइंट स्वतःच फाइलमध्ये मॉर्फ न कळणाऱ्यांसाठी तो पर्याय लिहून ठेवतो. शेताचा नकाशा मोठा होत एका वाफ्यावर जात असेल तर मध्ये आणखी एक स्लाइड घाला, अर्धवट मोठ्या नकाशाची, आणि तिन्हींना विरघळण्याचं संक्रमण द्या. मॉर्फसारखं गुळगुळीत होत नाही, पण नजर हरवत नाही.

आमच्या स्लाइड्स आपोआप पुढे सरकत होत्या, प्रत्येकीची वेळ वेगळी होती.

ते वेगळेपण जाईल. आपोआप चालवताना गूगल स्लाइड्स सगळ्या स्लाइड्सना एकच अंतर देतं. `File > Share > Publish to web` केल्यावर मिळणाऱ्या दुव्यात ते अंतर मिलिसेकंदांत लिहिलेलं असतं, आठ सेकंदांसाठी `delayms=8000`. एखादी स्लाइड दुप्पट वेळ दिसायला हवी असेल तर तिची प्रत तिच्यामागेच ठेवा.

व्हिडिओच्या जागी नुसतं चित्र आलं. खरा व्हिडिओ कसा परत बसवायचा?

गूगल स्लाइड्स व्हिडिओ आपल्या पोटात ठेवत नाही, तो ड्राइव्हवरून किंवा यूट्यूबवरून बोलावतं. म्हणून आधी व्हिडिओ बाहेर काढा. मूळ फाइलच्या प्रतीचं नाव `thibak.zip` करा, उघडा आणि `ppt/media` मध्ये जा. तिथे `media1.mp4` अशा नावाने ते पडलेले असतात. नावांवरून काही कळत नाही, म्हणून प्रत्येक चालवून पाहा आणि "स्लाइड-09-गाळणी-धुणे" असं नाव द्या. मग ड्राइव्हवर चढवा आणि `Insert > Video` मधून बसवा. माप जुन्या चित्राएवढं करा आणि चित्र काढून टाका. उजवीकडच्या पर्यायांत क्लिकवर चालू की आपोआप, हेही ठरवा, कारण मूळ फाइलमधली ती सूचना सोबत आलेली नसते.

चढवल्या चढवल्या व्हिडिओ चालला नाही तर थोडं थांबा, ड्राइव्ह तो आधी पचवतं. आणि 4के मध्ये चित्रण केलं असलं तरी ड्राइव्हवर तो जास्तीत जास्त 1920 गुणिले 1080 मध्ये दिसतो.

परवानगी ही खरी मेख आहे. सादरीकरण कुणाला दिलं म्हणजे व्हिडिओ दिला असं होत नाही, ती वेगळी फाइल आहे. तुमच्याकडे सगळं चालतं, कारण मालक तुम्ही. तालुक्याच्या केंद्रावरच्या ताईंनी उघडलं की काळी चौकट. व्हिडिओंचं एक स्वतंत्र फोल्डर करा आणि त्यालाच पाहण्याची परवानगी द्या, म्हणजे नंतर घातलेल्या व्हिडिओलाही ती लागू होते. व्हिडिओत शेतकऱ्यांचे चेहरे, सातबाऱ्याचे कागद असतील तर "दुवा असलेल्या कुणालाही" हा पर्याय निवडण्याआधी दोनदा विचार करा.

पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओचा मधलाच तुकडा दाखवत होतो. इथे सुरुवातीपासून चालतो.

पॉवरपॉइंटची `Trim Video` ही कात्री फाइल कापत नाही, कुठून कुठपर्यंत दाखवायचं एवढंच लिहून ठेवते. `ppt/media` मध्ये पूर्ण व्हिडिओ असतो, नको तो भागही. गूगल स्लाइड्समध्ये व्हिडिओच्या पर्यायांत सुरुवातीची आणि शेवटाची वेळ टाका. मात्र वगळलेल्या भागात खासगी काही असेल तर तेवढ्याने भागणार नाही, ड्राइव्हवर पूर्ण व्हिडिओ उघडता येतो. तेव्हा तो आधी खरोखर कापून मगच चढवा.

आणि आवाज?

`Insert > Audio` फक्त एमपी3 आणि वॅव्ह घेतं, तेही ड्राइव्हवरून. पॉवरपॉइंटमध्ये बोलून भरलेला आवाज मात्र बहुतेकदा `.m4a` असतो. तो बदलावा लागतो:

```
ffmpeg -i media4.m4a slide-22.mp3
```

बसवल्यावर आपोआप सुरू करणं, चिन्ह लपवणं आणि स्लाइड बदलल्यावर थांबणं हे पर्याय तपासा. परवानगीचा नियम व्हिडिओचाच.

सभागृहात इंटरनेट नसेल तर?

क्रोममध्ये ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवली तर स्लाइड्स उघडतात. ड्राइव्हचे आणि यूट्यूबचे व्हिडिओ चालत नाहीत. गावातल्या सभामंडपात जायचं असेल तर मूळ `.pptx` पेनड्राइव्हवर असू द्या, जोडीला ते तीन व्हिडिओ सुटे.

शेवटची तपासणी कुठे आणि कशी करावी?

तुमच्या संगणकावर नाही. जिथे शिवाजी, मंगल असे फॉन्ट बसवलेले नाहीत अशा दुसऱ्या यंत्रावर, आणि दुसऱ्याच्या खात्यातून. एकीकडे सुरुवातीला काढून ठेवलेला व्हिडिओ चालवा, दुसरीकडे नवं सादरीकरण, आणि स्लाइडला स्लाइड लावून पाहा. आधी फक्त मजकूर वाचा. दुसऱ्या फेरीत क्लिक करत ॲनिमेशन्स बघा, तिसऱ्या फेरीत फक्त व्हिडिओ आणि आवाज. तिन्ही एकदम पाहायला गेलं की डोळा हलत्या गोष्टीवर राहतो आणि रफार सुटतो.

गूगल स्लाइड्समधून परत पॉवरपॉइंटमध्ये आणता येईल का?

`File > Download` मध्ये `.pptx` मिळते. पण गेलेला मॉर्फ, बटणं आणि थेंबाचा मार्ग परत येत नाहीत, आणि समोरच्या संगणकावर मुक्त बसवलेला नसेल तर तिथे मराठी पुन्हा दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटेल. बदल दोन्ही फाइलींत करत बसू नका. यापुढे खरी फाइल कोणती हे एकदा ठरवा आणि दुसरीच्या नावात "जुनी" असं लिहून टाका.